चौदावा आठवडा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलंमुली कॉलेज सांभाळून इंटर्नशिप करायची ठरवतात, तेव्हा आधी दिवसाचं वेळापत्रक आखतात. सकाळी कॉलेज, दुपारी तीनपासून कंपनी, रात्री जेवणानंतर प्रोजेक्ट आणि उरलेलं सगळं शनिवार-रविवारी. कागदावर हे बसतं, आणि पहिले दोन महिने प्रत्यक्षातही बसतं. मग सेमिस्टरचा शेवट जवळ येतो. जर्नलं अपुरी, प्रोजेक्टचा रिपोर्ट अर्धवट, गाइडच्या सह्या राहिलेल्या, आणि नेमका त्याच आठवड्यात कंपनीत डेमो. घरचे म्हणतात, झेपत नव्हतं तर घ्यायची कशाला. सर म्हणतात, इंटर्नशिपपायी मुलांचं अभ्यासातलं लक्ष उडतं. कंपनीतला मेंटॉर म्हणतो, सुरुवातीला मुलगा चांगला होता, नंतर ढेपाळला. तिघांनाही जे दिसलं ते खरं आहे, पण त्याचं कारण तिघांनीही चुकीचं धरलं आहे असं मला वाटतं. त्या मुलाने तोल रोजच्या दिवसात साधायचा प्रयत्न केला. तो साधावा लागतो सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये. आणि त्यासाठी लागणारे बहुतेक निर्णय पहिल्या पंधरवड्यातच घ्यावे लागतात, कारण पुढे ते घेण्याची मोकळीकच उरत नाही.

हे नुसतं मत नाही, आकडे मांडून पाहता येतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एखाद्या संलग्न कॉलेजात सातव्या सेमिस्टरला असलेला, कॉम्प्युटर शाखेचा विद्यार्थी घेऊ. लेक्चर, प्रॅक्टिकल आणि वेळापत्रकातला प्रोजेक्टचा तास धरून कॉलेजचे आठवड्याला साधारण २५ तास होतात. इंटर्नशिप आठवड्याला २० तासांची ठरली आहे. कॉलेज आंबेगावला आणि कंपनी बाणेरला असेल तर येण्याजाण्यात दहा तास सहज जातात. अभ्यास आणि लेखनाला ८, प्रोजेक्टला कॉलेजबाहेर ६. बेरीज ६९. आठवड्याचे तास १६८; रोजची सात तास झोप धरली तर ४९ त्यात गेले. तरी ५० तास उरतात. म्हणजे सर्वसाधारण आठवड्यात हा विद्यार्थी मुळीच बुडालेला नाही. जेवण, कपडे, मित्र, घरी फोन, एखादा सिनेमा, सगळं त्यात बसतं. म्हणूनच जुलैमध्ये त्याला ‘जमेल’ असं वाटतं, आणि त्याचं ते वाटणं बरोबरच असतं.

आता चौदावा आठवडा पाहू. लेक्चर संपलेली नसतात. उलट पोर्शन पुरा करायला जादा लेक्चर लागतात. त्यात प्रत्येक लॅबचं जर्नल पुरं करून सर्टिफिकेटवर सही घ्यायची, राहिलेल्या असाइनमेंट द्यायच्या, ओरलची तयारी करायची, आणि प्रोजेक्टच्या पहिल्या टप्प्याचा रिपोर्ट लिहून त्याचं प्रेझेंटेशन द्यायचं. हे काम मागच्या आठवड्यांत थोडंथोडं उरकलेलं नसेल तर ते एकट्या या आठवड्यात २५-३० तास मागतं. मघाच्या ६९मध्ये २८ मिळवले की ९७ होतात, आणि झोप वजा जाता हातात राहतात २२ तास. दिवसाला तीन तासांच्या आसपास. त्यात जेवायचं, आंघोळ करायची, प्रिंट काढायला रांगेत उभं राहायचं आणि ताप आला तर डॉक्टरकडेही जायचं. मग विद्यार्थी झोपेतले तास काढतो, आणि चार दिवसांनी कंपनीतलं कामही बिघडतं, ओरलही बिघडते. सरासरी काढली तर सेमिस्टर निभावलेलं दिसतं. प्रत्यक्षात ते दोन आठवड्यांत मोडलेलं असतं.

हा उंचवटा येतो कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. टर्म वर्कचे गुण भरण्याची मुदत सगळ्या विषयांना जवळपास एकच असते. प्रत्येक शिक्षक त्या तारखेपासून मागे मोजत आपापलं सबमिशन लावतो, आणि दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाने काय लावलं आहे हे त्याला सहसा माहीत नसतं. शिवाय ‘सगळं एकदम तपासू’ ही शिक्षकांची सोय आणि ‘सगळं एकदम लिहू’ ही मुलांची सवय एकमेकींना धरून चालतात. पण यात एक मोठी जमेची बाजू आहे. हा आठवडा अचानक येत नाही. शैक्षणिक वेळापत्रक सेमिस्टरच्या सुरुवातीलाच नोटीस बोर्डावर लागतं. इन-सेम कधी, टर्म कधी संपते, प्रॅक्टिकल-ओरल कधी, हे दोन-चार दिवसांच्या फरकाने तेव्हाच कळलेलं असतं. कंपनीचं तसं नाही. तिथे काम बहुधा दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत येतं आणि पुढच्या महिन्यातला कोणता आठवडा जड जाईल हे मेंटॉरलाही ठाऊक नसतं. दोन जबाबदाऱ्यांपैकी एकीच्या तारखा चार महिने आधी माहीत आहेत आणि दुसरीच्या नाहीत. तेव्हा जिच्या माहीत आहेत तिच्याभोवती दुसरी रचायची, हे उघड आहे. तरी बहुतेक जण उलटं करतात: कंपनीचे तास ठरीव मानतात आणि कॉलेज त्यांच्या फटीत बसवू पाहतात.

रचना करायची म्हणजे काय करायचं? २० तासांप्रमाणे सोळा आठवडे म्हणजे ३२० तास. कंपनीला खरी गरज असते ती या ३२० तासांच्या कामाची. ते दर आठवड्याला सारखंच वाटलेलं असावं, असा आग्रह बहुतेक ठिकाणी धरला जातो तो फक्त कोणी वेगळं काही सुचवलं नाही म्हणून. समजा विद्यार्थ्याने पहिले सात आठवडे २४ तास दिले. १६८ झाले. आठव्या, इन-सेमच्या आठवड्यात फक्त ८ तास. नववा ते बारावा पुन्हा २४-२४, म्हणजे आणखी ९६. तेराव्यात २०, चौदाव्यात १६, पंधराव्यात १२, सोळाव्यात काही नाही. बेरीज पुन्हा ३२०. कंपनीचा एकही तास बुडाला नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत चार तास जास्त दिल्याने ६९चे ७३ होतात, जे ५० मोकळ्या तासांतून सहज निघतात. आणि शेवटच्या चार आठवड्यांत, नेहमीच्या ८० तासांऐवजी ४८च द्यायचे असल्याने, ३२ तास मोकळे होतात. सबमिशनला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच आहे.

हे बोलणं इंटर्नशिप स्वीकारतानाच व्हायला हवं. ऑफर हातात आल्यावर पण ‘हो’ म्हणण्याआधी, मेंटॉरला किंवा एचआरला ईमेलने तीन गोष्टी कळवायच्या: इन-सेमची आणि टर्म संपण्याची तारीख, त्या आठवड्यांत आपण किती तास देऊ शकू, आणि ते तास आधी कसे भरून काढू. सोबत वरच्यासारखा सोळा ओळींचा तक्ता. हीच विनंती चौदाव्या आठवड्यात केली तर ती सवलत मागणं ठरते आणि मागणाऱ्याचा आवाज आपोआप पडतो. जुलैमध्ये केली तर तो कामाच्या नियोजनाचा भाग असतो, आणि मेंटॉर त्याप्रमाणे कामं वाटू शकतो. तक्ता लेखी असण्याचं आणखी एक कारण आहे. सप्टेंबरमध्ये मेंटॉर बदलला, आणि असं होतं, तर तोंडी ठरलेलं नव्या माणसाला माहीत नसतं.

यावर लगेच आक्षेप येईल की कंपन्या असं ऐकतात थोडंच. छोट्या स्टार्टअपमध्ये पाच माणसं दहा जणांचं काम करतात. तिथे तुमच्या इन-सेमचं कुणाला पडलंय? आक्षेप खरा आहे, आणि तक्ता पाठवून प्रत्येक कंपनी तो पाळेल असा माझा दावा नाही. पण नकाराचं उत्तर जुलैमध्ये मिळणं आणि नोव्हेंबरमध्ये मिळणं यात फार फरक आहे. जुलैत मिळालं तर दुसरी जागा शोधता येते, किंवा तास कमी करून १२ची इंटर्नशिप मागता येते, किंवा जाणूनबुजून जोखीम घेता येते. शिवाय तासांइतकंच महत्त्व कामाच्या प्रकाराला आहे. ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचं, चालू सिस्टिम बंद पडली की धावण्याचं काम अर्धवेळ विद्यार्थ्याने घेऊच नये, कारण ते कधी अंगावर येईल हे कुणाच्याच हातात नसतं. टेस्ट लिहिणं, एखादा अंतर्गत रिपोर्ट तयार करणारं छोटं टूल, जुन्या मॉड्यूलचं डॉक्युमेंटेशन, डेटा साफ करणं ही कामं कमी दिमाखदार वाटतात, पण ती मंगळवारऐवजी शुक्रवारी झाली तर काही कोसळत नाही. ज्याला परीक्षेच्या आठवड्यात चार दिवस गायब व्हायचं आहे त्याने असंच काम मागून घ्यावं. ते शिकायला कमी पडतं असंही नाही. टेस्ट लिहिणाऱ्याला दुसऱ्यांचा कोड बारकाईने वाचावा लागतो, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये नेमकं तेच कधी करावं लागत नाही.

हजेरीचा हिशेबही सेमिस्टरचाच आहे. टर्म ग्रँट व्हायला ७५ टक्के हजेरी लागते. एखाद्या विषयाची आठवड्याला तीन, चौदा आठवड्यांत ४२ लेक्चर झाली, तर ३२ला बसणं आवश्यक; म्हणजे दहा चुकवता येतात. ही दहा बहुतेक इंटर्न पहिल्या दीड महिन्यातच उडवतात, कारण सुरुवातीची लेक्चर हलकी वाटतात आणि कंपनीत नव्याची नवलाई असते. मग सप्टेंबरअखेर डेंग्यूने आठ दिवस झोपवलं की नाव थेट डिफॉल्टर यादीत. दहापैकी निम्मी तरी आजारपणासाठी राखून ठेवावी. आणि गुणांचं गणितही ध्यानात ठेवावं: २०१९च्या पॅटर्नमध्ये पहिल्या दोन युनिटवर इन-सेमचे ३० गुण आहेत, तर तिसऱ्या ते सहाव्या युनिटवर एंड-सेमचे ७०. ज्या आठवड्यांत विद्यार्थी सगळ्यात दमलेला असतो त्याच आठवड्यांत ७० गुणांचा भाग शिकवला जात असतो. जर्नलाबद्दल एवढंच सांगतो की प्रॅक्टिकल झालं त्याच दिवशी लेखन उरकून त्याच आठवड्यात सही घेतली तर ते पाऊण तासाचं काम आहे. तेच दहा प्रयोगांचं एकदम लिहायला बसलं की दुसऱ्याचं उतरवून काढण्यापलीकडे काही होत नाही, आणि एक्स्टर्नलने ओरलला पहिलाच ‘का’ विचारला की ते उघडं पडतं.

खरी कसोटी मात्र प्रोजेक्टची आहे, कारण तिथे एकट्याचं नुकसान होत नाही. तीन-चार जणांचा ग्रुप असतो आणि इंटर्नशिप त्यातल्या एकाची असते. पहिल्या टप्प्यात कागदच लिहायचे असतात: प्रॉब्लेम स्टेटमेंट, आधीच्या संशोधनाचा आढावा, एसआरएस, आकृत्या. प्रत्यक्ष बांधणी आठव्या सेमिस्टरला. त्यामुळे ‘आता फक्त डॉक्युमेंटेशन आहे, जानेवारीत बघू’ असं सगळेच म्हणतात, आणि इंटर्न तर मनापासून म्हणतो, कारण त्याला तेवढीच उसंत मिळते. या एका वाक्याने किती प्रोजेक्ट पोकळ होतात ते एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा चौघांच्या ग्रुपने विषय घेतला: डाळिंबावरचा तेल्या रोग पानाफळांच्या फोटोवरून ओळखणं. विषय चांगला आहे. सोलापूर, सांगोला भागातल्या बागायतदारांना हा रोग किती छळतो हे सांगायला नको. पहिल्या टप्प्याच्या रिपोर्टमध्ये ग्रुप लिहितो की फोटो प्लँटव्हिलेज या खुल्या डेटासेटमधून घेऊ. नाव प्रसिद्ध आहे, पन्नास हजारांवर फोटो आहेत, गाइडही मान डोलावतात. जानेवारीत डेटासेट उतरवून घेतल्यावर कळतं की त्यात टोमॅटो, बटाटा, द्राक्ष, सफरचंद अशी चौदा पिकं आहेत आणि डाळिंब त्यात नाहीच. शिवाय त्यातले फोटो साध्या पार्श्वभूमीवर एकेक पान ठेवून काढलेले आहेत. अशा फोटोंवर शिकलेलं मॉडेल बागेतल्या ऊन-सावलीत, एकमेकांवर आलेल्या पानांपुढे गडबडतं. म्हणजे फोटो स्वतःच काढायला हवेत. पण तेल्या हा जिवाणूजन्य रोग, दमट पावसाळी हवेत फोफावणारा. त्याचे भरपूर फोटो मिळण्याचे दिवस जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे जे सेमिस्टर ‘फक्त कागदांचं’ म्हणून सोडून दिलं तेच. जानेवारीत बागेत गेलं तर हवा कोरडी झालेली असते. आणि फोटो मिळाले तरी कोणता डाग तेल्याचा आणि कोणता बुरशीचा हे ठरवणार कोण? त्यासाठी जाणकार लागतो. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, पण कॉलेजचं पत्र घेऊन तिथल्या शास्त्रज्ञांची वेळ मागणं एका आठवड्यात होत नाही.

आता हेच काम जुलैत कसं झालं असतं ते पाहा. पहिल्या दोन आठवड्यांत एकाने डेटासेट उघडून फोल्डरांची नावं वाचली असती, तासाभराचं काम, आणि डाळिंब नाही हे तेव्हाच कळलं असतं. ज्याचं गाव त्या बाजूला आहे त्याने गणपतीच्या सुट्टीत दोन बागांतले तीन-चारशे फोटो आणले असते. पत्र ऑगस्टमध्ये गेलं असतं. आणि इंटर्न असलेल्या चौथ्याने कोणता भाग घ्यायचा? फोटो छाटणं, त्यांना नावं देणं, एकसारख्या आकारात आणणं, प्रत्येक फोटो कुठे, कधी काढला याची नोंद ठेवणं. हे काम रात्री अकरालाही होतं, रविवारीही होतं, कुणाची वाट पाहावी लागत नाही, आणि दहाव्या आठवड्यापर्यंत संपवून टाकता येतं. पुढे जोडणीच्या काळात, जेव्हा चौघांना एकत्र बसावं लागतं, तेव्हा त्याच्या वाट्याचं अडून राहत नाही. ग्रुपमधल्या इंटर्नने कमी काम घ्यावं असं मी म्हणत नाही. त्याने लवकर संपणारं आणि स्वतंत्र उभं राहणारं काम घ्यावं, आणि ते इतरांना दिसेल असं करावं.

‘दिसेल असं’ हे महत्त्वाचं, कारण ग्रुपमधली भांडणं कामावरून होतात त्याहून अधिक कामाच्या अंदाजावरून होतात. तिघांना वाटतं चौथा स्टायपेंड घेतोय आणि आम्ही राबतोय. चौथ्याला वाटतं आपण रात्री जागून केलेलं कुणी पाहतच नाही. कोड आणि रिपोर्ट एकाच रिपॉझिटरीत असेल तर महिन्यातून एकदा चौघांनी मिळून ही एक ओळ चालवावी:

```
git shortlog -sn --since="4 weeks ago"
```

गेल्या चार आठवड्यांत कुणाच्या नावावर किती कमिट आहेत हे ती दाखवते. हा आकडा कामाचं मोल सांगत नाही. स्पेलिंग सुधारलं तरी एक कमिट आणि आठवडाभर डोकं खाणारी चूक सापडली तरी एकच. पण कुणाचं नावच त्या यादीत नसेल, तर बोलायची वेळ आली आहे एवढं तो नक्की सांगतो, आणि ते बोलणं नोव्हेंबरऐवजी ऑगस्टमध्ये होतं. दुसरी खूण प्रोजेक्ट डायरीत सापडते. तिच्यात दर आठवड्याला गाइडची भेट, काय झालं, पुढे काय करायचं हे लिहून सही घ्यायची असते. अडचणीत आलेल्या ग्रुपची डायरी दुरूनही ओळखू येते: आठ आठवड्यांच्या नोंदी एकाच पेनने, एकाच हाताने, एकाच दमात लिहिलेल्या, आणि खाली एकाच दिवशी झालेल्या आठ सह्या. इथे काम राहिल्याचं वाईट वाटतंच. त्याहून वाईट म्हणजे गाइडने वेळीच ‘डाळिंब आहे का त्यात?’ असं विचारण्याच्या आठ संधी गेल्या. कंपनीच्या बाजूची खूण याच जातीची आहे. रोजच्या स्टँडअपमध्ये ‘कालचंच काम चालू आहे’ हे वाक्य सलग चार दिवस आलं, की विद्यार्थी कुठेतरी अडकला आहे आणि विचारायला वेळ किंवा धीर उरलेला नाही, असं समजावं. गुण आणि मेंटॉरचा शेरा फार उशिरा कळतात. या खुणा आधी दिसतात.

काही जण यावर सरळ तोड सुचवतात: कंपनीतलं कामच प्रोजेक्ट म्हणून दाखवा, एका दगडात दोन पक्षी. स्पॉन्सर्ड प्रोजेक्टची रीत आहेही, आणि कंपनीने कॉलेजला पत्र देऊन, पूर्ण ग्रुपला विषय देऊन, आपला एक माणूस मार्गदर्शक नेमला तर ती उत्तम आहे. पण अर्धवेळ इंटर्नने आपलं रोजचं काम उचलून रिपोर्टमध्ये घालणं वेगळं. पहिली अडचण गोपनीयतेच्या कराराची: इंटर्न म्हणून सही केलेल्या कागदावर बहुधा लिहिलेलं असतं की तिथला कोड आणि डेटा कंपनीचा. तो एक्स्टर्नलला दाखवता येत नाही, आणि न दाखवता गुण मिळत नाहीत. दुसरी, उरलेल्या तिघांचं त्यात काय? त्यांना त्या सिस्टिमला हातही लावता येत नाही. त्यांच्यावर प्रश्न आला की ते गप्प बसतात. तिसरी आणि मला सर्वांत गंभीर वाटणारी, कंपनीचं प्राधान्य बदलतं. ऑक्टोबरमध्ये ते फीचर गुंडाळलं गेलं तर प्रोजेक्टही गुंडाळला जातो, आणि त्यात विद्यार्थ्याचा काही दोष नसतो. तेव्हा दोन्हींत काम एक करू नये, कसब मात्र जरूर एक करावं. कंपनीत ज्या भाषेत, ज्या डेटाबेसवर काम आहे तीच प्रोजेक्टला निवडली तर शिकण्याचे तास दोनदा जात नाहीत. तासांच्या हिशेबात ही बचत छोटी नाही.

सर्वांत जुना आक्षेप राहिला: शेवटच्या वर्षी इंटर्नशिप करावीच का? पदवी महत्त्वाची, नोकरी नंतर आहेच. हा सल्ला देणाऱ्यांचं मन चांगलं असतं, पण सगळ्यांची परिस्थिती त्यांच्या डोळ्यांपुढे नसते. ज्याच्या स्टायपेंडमधून खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे जातात त्याला ‘आत्ता नको’ म्हणणं सोपं नाही. ज्या कॉलेजात कॅम्पसला मोजक्याच कंपन्या येतात तिथल्या मुलीला इंटर्नशिपमधून मिळणारी पीपीओ हा आत शिरण्याचा खरा रस्ता असतो. तरी या आक्षेपातला एक भाग मी पूर्ण मान्य करतो. ऑफर लेटरमध्ये पदवी वेळेत पूर्ण होण्याची अट असते, आणि अनेक कंपन्या ‘बॅकलॉग नको’ असंही लिहितात. इंटर्नशिपच्या धावपळीत एक विषय राहिला तर ज्या ऑफरसाठी धावपळ केली तीच जाऊ शकते. म्हणून मर्यादा आधी ठरवावी. मघाच्या गणितात २४च्या जागी ३० तास घालून पाहा. सर्वसाधारण आठवडा निभावतो, पण शेवटी मोकळे करायला तास उरत नाहीत, कारण कंपनीने तुम्हाला जवळजवळ पूर्णवेळ माणूस धरलेलं असतं. माझ्या मते आठवड्याला २४ तास ही वरची हद्द, तीही सुरुवातीच्या आठवड्यांत. मागचा विषय राहिलेला असेल तर १२च्या वर जाऊ नये. २४हून जास्त हवे असतील तर ज्या स्वायत्त कॉलेजांत आठवं सेमिस्टर पूर्णवेळ इंटर्नशिपला देण्याची सोय आहे तिथे ती रीतसर घ्यावी, कारण तिथे कामाचे श्रेयांक मिळतात. हा मुद्दा लहान नाही. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आलेलं ऑन जॉब ट्रेनिंग ४ श्रेयांकांचं आहे, श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने १२० तासांचं. आपला विद्यार्थी ३२० तास देतो आहे आणि मार्कशीटवर त्याची एक ओळही येत नाही.

म्हणूनच हे ओझं एकट्या विद्यार्थ्याच्या नियोजनावर टाकणं मला पटत नाही. एचओडींनी सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांना एकत्र बसवून सबमिशनच्या तारखा एका तक्त्यावर मांडल्या, आणि एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त येणार नाहीत एवढंच पाहिलं, तर चौदाव्या आठवड्याचे ते २८ तास निम्म्यावर येतील. त्याला नवा नियम लागत नाही, पैसा लागत नाही, विद्यापीठाची परवानगी लागत नाही. निम्मी जर्नलं आठव्या आठवड्यात, इन-सेम संपल्या संपल्या तपासली तर शिक्षकांचाही शेवटचा पंधरवडा सुटतो. रात्री बारापर्यंत गुण भरत बसणारे शिक्षक याच कॉलेजांत आहेत. आणि फायदा फक्त इंटर्नना होणार नाही. ग्रुपमधल्या उरलेल्या तिघांना, आईच्या आजारपणात घर सांभाळणाऱ्या मुलीला, रोज लोणावळ्याहून लोकलने येणाऱ्या मुलालाही तो होईल. तोवर विद्यार्थ्याने स्वतःपुरतं एक करावं: वर्गात क्लास टीचरकडे सगळ्या विषयांच्या तारखा मागाव्यात, त्या एका कागदावर उतरवून ग्रुपवर टाकाव्यात, आणि ज्या आठवड्यात तीन तारखा एकत्र येतात तो आठवडा दाखवून एखादी मागेपुढे करून मागावी. जुलैत मागितली तर बहुतेक शिक्षक देतात.